कान-नाक-घसा, भाग ११ : राखीतला सेल

राखीनंतर पंधरा दिवसांनी पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरचा तान्हा पोळा. नाकात काहीतरी कोंबून आलेली मुलं या पंधरवड्यात जरा जास्त दिसतात, असं मला वाटतं. मोजून कधी पाहिलं नाही, पण कारण समोरच असतं. लाकडी बैलाच्या गळ्यातली माळ तुटून मणी घरभर होतात, आणि लाइटच्या राखीमागची प्लास्टिकची डबी उघडून त्यातले चपटे, गोल सेल बाहेर येतात.

मणी आणि सेल, दोन्ही चकचकीत. दोन्ही जास्त करून उजव्या नाकपुडीत सापडतात, कारण बहुतेक मुलं उजव्या हाताची असतात. पण मूल नीट श्वास घेत असेल तर मण्याला मी सकाळपर्यंत थांबवू शकतो. सेल म्हटलं की जेवणाच्या ताटावरून उठतो.

का, ते एकदा मी घरीच करून पाहिलं. हळद कालवलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पांढरं फडकं भिजवलं. त्यावर खेळण्याच्या रिमोटमधला CR2032 सेल उलटा ठेवला, म्हणजे + खूण असलेली बाजू वर आणि ऋण बाजू कापडावर. थोड्या वेळाने सेल उचलला तर खाली लालसर कडं उमटलेलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि हळदीला चुना लावूनच कुंकू करतात. म्हणजे त्या कडेला साबणापेक्षाही तिखट असा क्षार तयार झाला होता. सेल फुटला नव्हता, गळलाही नव्हता. ओल्या खारट पाण्यातून त्याच्या दोन टोकांमध्ये वीज वाहत होती, आणि ऋण टोकापाशी पाण्याचंच विघटन होऊन क्षार साचत होता.

नाकाच्या आत कायम असंच ओलं, खारट अस्तर असतं. तिथे सेल अडकला की हेच सुरू होतं, आणि क्षार कातडीला विरघळवत आत शिरत जातो. दोनतीन तासांत अस्तर जळायला लागतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा कूर्चेचा असतो, आणि त्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंना चिकटलेल्या अस्तरावर तिचं पोषण चालतं. अस्तर गेलं की कूर्चा उपाशी मरते. खेळण्यातला दिवा पेटेनासा झाला म्हणून सेल 'संपला' असं आपण म्हणतो, पण एवढी जखम करायला त्या संपलेल्या सेलमध्येही पुरेसा जोर उरलेला असतो.

आता एका मुलाची गोष्ट. हा मुलगा एकच नाही. चारपाच मुलांच्या कहाण्या जोडून केलेला आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. वय साडेतीन. रविवारी दुपारी राखीशी खेळला, संध्याकाळपासून उजवी नाकपुडी वाहू लागली. आजीला वाटलं, सर्दी. जवळच्या दवाखान्यातून नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळाले, आणि ते दर चार तासांनी प्रामाणिकपणे टाकले गेले. मंगळवारी सकाळी आजी त्याला घेऊन आली तेव्हा रुमालावर काळपट पाणी होतं. "पोट्टं रात्रभर रडलं जी, अन् नाकाला हातच लावू देत नाही," ती म्हणाली.

थेंब देणाऱ्यावर मी रागावत नाही. सर्दीत ते थेंब निर्धोकच असतात. पण सेलभोवती ते टाकणं म्हणजे माझ्या फडक्यावर आणखी मीठ टाकणं; वीज जास्त वाहते, क्षार जास्त होतो. म्हणून नाकात किंवा कानात सेल असल्याची नुसती शंका असली तरी थेंब, तेल, पाणी काहीही आत घालायचं नाही. सेल काढल्यानंतर आम्ही तीच जागा त्याच मिठाच्या पाण्याने धुतो, पण ते काढल्यानंतर.

ओळखायचं कसं? सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच नाकपुडीतून वाहत असेल, घाण वास येत असेल, तर आत काहीतरी आहे असंच आम्ही धरून चालतो. मण्याला असा वास सुटायला काही दिवस लागतात. सेल मात्र पहिल्याच दिवशी दुखवतो, आणि स्राव काळा किंवा रक्ताळ होतो. घरी बघायची खूण सोपी आहे: राखीच्या किंवा खेळण्याच्या डबीतले सेल मोजा. एक कमी भरला तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल असो की मेयो, कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. तिथे गेल्यावर "मुलाच्या नाकात सेल आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

त्या मुलाच्या एक्स-रेत गोल सावली होती आणि तिच्या कडेला आत दुसरी बारीक रेघ, वर्तुळात वर्तुळ. नाण्याची सावली सपाट, एकसंध दिसते. सेलला दुपदरी कड असते. दुपारपर्यंत भूल देऊन सेल काढला. सेलची ऋण बाजू पडद्याकडे होती, आणि तिथे पडदा काळा पडला होता.

काढण्याबद्दल थोडं. गुळगुळीत गोल वस्तूला चिमट्याने धरायला गेलं की ती निसटून मागे सरकते, आणि तिथून घशात व श्वासनलिकेत जाऊ शकते. आम्ही टोकाशी वाकवलेला बोथट हुक वस्तूच्या वरून मागे नेतो आणि पुढे ओढतो. घरातल्या हेअरपिनने हे होत नाही, मुलाला धरून ठेवायला चार माणसं असली तरी.

मण्यासाठी एक घरगुती युक्ती मात्र खरी आहे. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरांनी ती लिहून ठेवली. आईने मुलाच्या तोंडावर पापा घेतल्यासारखं तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एकच जोराची फुंकर मारायची. दहापैकी साधारण सहा वेळा मणी आईच्या गालावर येऊन पडतो. सेलसाठी यात वेळ घालवू नये.

कानाचं थोडक्यात सांगतो. चणा किंवा चिंचोका कानात गेला आणि वर पाणी घातलं तर तो फुगतो. जिवंत किड्यासाठी तेल चालतं, सेलसाठी नाही. कानातला सेल पडदा फाडू शकतोच, पण कानाच्या हाडातून जाणारी चेहऱ्याची नसही जवळच असते.

त्या मुलाला मलम आणि आठवड्याच्या तपासण्या दिल्या. सेल काढला तरी क्षाराचं काम काही दिवस चालू राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी खरी जखम कळत नाही. दहाव्या दिवशी काळी खपली गळून पडली. मागे टिकलीएवढं भोक होतं, आरपार. हिवाळ्यात आजीने सांगितलं, झोपला की त्याच्या नाकातून शिट्टी वाजते. नाकाचा दांडा खचत नाही ना, हे आता वाढीच्या वयात दरवर्षी पाहावं लागेल. भोक बुजवायची शस्त्रक्रिया करायची झाली तरी ती नाकाची वाढ पुरी झाल्यावर. तोवर खपल्या मऊ राहाव्यात म्हणून रोज मिठाच्या पाण्याचे थेंब टाकायचे आहेत. बाटली हातात घेताना आजीने मला दोनदा विचारलं, "हेच टाकायचे ना जी आता?"