४० सेकंदांचा नग

भिवंडीच्या एका गोदामात मी काही आठवडे पिकिंगचं काम केलं. हातात स्कॅनर. त्यावर रॅकचा नंबर यायचा. तिथं जायचं, खणाचा बारकोड मारायचा, मग वस्तूचा, आणि वस्तू क्रेटमध्ये टाकायची. तोवर पुढचा नंबर आलेला असायचा. टार्गेट तासाला ९० नग, म्हणजे एका नगाला ४० सेकंद.

पहिले दोन दिवस मला हे मनापासून आवडलं. कुठला माल कुठे, हे पाठ करावं लागत नव्हतं. उलटी फेरी पडू नये असा रस्ता स्कॅनरच लावून द्यायचा. आधी हमाली केलेले एक काका म्हणाले, "इथं मुकादमाची मर्जी सांभाळावी लागत नाही, बाबा. आकडा काय तो बोलतो."

तिसऱ्या दिवशी मला किराण्याची रांग मिळाली. मोबाइलचं कव्हर एक नग, तशी १० किलो पिठाची पिशवीही एकच नग. खण रिकामा निघाला की नोंद करून थांबायचं: २ मिनिटं, म्हणजे ३ नग गेले. शौचालय दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन ६ मिनिटं, म्हणजे ९ नग. माझ्या रांगेतल्या बायका दुपारनंतर पाणीच पीत नसत.

या मोजणीचा उगम मजुरांचं काम घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अभियंत्यापर्यंत जातो. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात ९२ पौंडांचे, म्हणजे सुमारे ४२ किलोंचे, लोखंडी ठोकळे माणसं उचलून वाघिणीत भरत. टेलरच्या सांगण्यानुसार माणशी रोजचं काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेलं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळपास चौपट, पैसे दीडपटीहून थोडे जास्त. ही गोष्ट त्याने रंगवून सांगितली, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. पण १९११ च्या त्याच्या पुस्तकातली एक गोष्ट मला गोदामात वारंवार आठवायची. एवढं ओझं उचलणाऱ्या माणसाच्या हातात दिवसातला ४३ टक्केच वेळ भार असावा, उरलेले ५७ टक्के हात मोकळे हवेत, असं त्याने लिहिलंय. कधी उचलायचं आणि कधी बसायचं, दोन्ही घड्याळ लावलेला माणूस सांगायचा. घड्याळ आमच्यापर्यंत पोचलं. बसायला सांगणारा मात्र वाटेतच गळाला.

एकदा पिठाच्या सात-आठ पिशव्या लागोपाठ उचलल्यावर मी रॅकला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळात सुपरवायझर आला. "काय झालं? तुझा स्कॅनर थांबलेला दिसतोय."

"दम लागलाय, सर."

त्याने माझा स्कॅनर घेतला आणि थांबण्याच्या कारणांची यादी उघडली. खण रिकामा, माल फुटलेला, स्कॅनर बंद. त्याने दोनदा वरखाली पाहिलं, 'स्कॅनर बंद' निवडलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं बस."