सिझेरियननंतरचे पहिले पाऊल

सिझेरियनमध्ये ओटीपोटावर बहुधा आडवी चीर देतात आणि त्वचा, चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाच्या आतले पातळ आवरण असे एकेक थर उघडत गर्भाशयापर्यंत पोहोचतात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापले जात नाहीत, मधून बाजूला सारले जातात. बाहेरून दिसते ती त्वचेची शिवण. पोटाला धरून ठेवण्याचे काम करतात ते आतल्या चिवट आवरणाचे टाके. त्यामुळे चालल्याने टाके तुटतील, ही घरोघरची भीती खरी नाही. धोका पडून राहण्यात अधिक आहे. गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागते आणि बाळंतपणानंतर काही आठवडे ते तसेच राहते. त्यात पाय हलले नाहीत तर पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

कमरेत सुई देऊन भूल दिली असेल तर चोवीस तास डोके उचलू द्यायचे नाही, हा दंडक अजूनही काही ठिकाणी पाळतात. या भुलीनंतरची डोकेदुखी सुईच्या छिद्रातून मणक्यातले पाणी झिरपल्यामुळे होते. सपाट झोपून ती टळत नाही. बारीक आणि योग्य टोकाची सुई वापरली तर तिचे प्रमाण कमी होते.

समजा, शस्त्रक्रिया सकाळी दहाला झाली. पहिले दोन तास नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय आवळून घट्ट झाले आहे का, हे सिस्टर पुन्हा पुन्हा पाहतात. बधिर पाय दुपारपर्यंत जागे होऊ लागतात. तेव्हापासून पावले वर-खाली हलवायची. मळमळ नसेल तर घोटघोट पाणी आणि मग हलके खाणे चालते. संध्याकाळी चारच्या पुढे, पायांत पुरते बळ आले की बसायची वेळ होते. सरळ उठल्यास सगळा ताण पोटावर येतो. म्हणून गुडघे वाकवून आधी कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपराने रेटून वर यायचे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. काही मिनिटे बसून चक्कर आली नाही, तरच उभे राहायचे, आणि पहिल्यांदा दोन्ही बाजूंना माणूस हवे. दुखणे असह्य झाल्यावर गोळी मागण्यापेक्षा ठरल्या वेळी घेतली तर उठणे खूपच सोपे जाते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजतानाही चालतात. चालता येऊ लागले की लघवीची नळी काढतात, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगायला हवे.

बाळाची ओळख मात्र एवढा वेळ थांबवायची नसते. आई जागी आणि दोघेही स्थिर असतील तर टाके घालणे चालू असतानाच बाळ उघड्या छातीवर ठेवता येते. त्या उबेने बाळाचे तापमान टिकते आणि ते स्तन शोधू लागते. पहिल्या तासात पाजावे. सिझेरियननंतर दूध भरून यायला थोडा उशीर होऊ शकतो, पण थेंबभर चीकही पहिल्या दिवशी पुरेसा असतो. मध किंवा गुटी देऊ नये. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखाली धरून पाजणे सोयीचे पडते. औषधांनी आई गुंगीत असेल तर शेजारी जागे माणूस हवेच, कारण बाळ निसटू शकते किंवा त्याचे नाक दबू शकते. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढून पाठवावा आणि चालता येताच आईला तिथे न्यावे. वजन कमी असलेल्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी घेणे हा उपचारच आहे.

जखमेची पट्टी काढली की ती जागा रोज पाहायची. आईला स्वतःला ती नीट दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी पाहावी किंवा आरसा धरावा. आंघोळ चालते, नंतर जागा हलकेच टिपून कोरडी करायची आणि पोटाची घडी वर येत असेल तिथे घाम साचू द्यायचा नाही. शिवणीभोवतीची त्वचा काही महिने बधिर राहू शकते. शेक-शेगडीचा चटका तिथे कळत नाही आणि भाजते; पोटाला शेक नकोच. हळद, राख, तेलही जखमेवर नको. थोडी सूज आणि खाज साहजिक असते. जंतुसंसर्ग बहुधा घरी गेल्यावर, चौथ्या दिवसानंतर डोके वर काढतो: लाली पसरते, दुखणे ओसरण्याऐवजी वाढते, पाणी किंवा पू येतो, वास येतो, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप चढतो. तासाभरात पॅड भिजणे, एकच पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे किंवा टाके उसवणे यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.