प्रगतिपत्रकातले 64 गुण वाचताना

प्रिय पालक,


पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं लवकरच तुमच्या हातात पडतील. दरवर्षी पालकसभेत ती उघडली की बोट थेट श्रेणीवर जातं आणि प्रश्न येतो, "बाई, पोरगं हुशार आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नसतं. तिथे जे असतं ते कसं वाचायचं, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी चौथीची वर्गशिक्षिका असल्यामुळे चौथीचंच आणि गणिताचंच उदाहरण घेते.

आधी थोडी रचना समजून घेऊ. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलाचं आकलन आणि ते वापरण्याची क्षमता सातत्याने आणि सर्व बाजूंनी तपासावी, असं तो कायदा सांगतो. त्याला धरून महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 रोजी निर्णय काढला आणि पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्याचे दोन भाग आहेत. शिकणं चालू असताना होतं ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. पहिली-दुसरीत आकारिकला 70 टक्के वजन आहे, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत 50 आणि सातवी-आठवीत 40. मूल लहान असताना लेखी पेपरातून त्याचं शिकणं फार कमी दिसतं, म्हणून ही उतरती वाटणी.

चौथीत एका सत्रात गणिताचे 100 गुण असतात. त्यातले 40 संकलितचे, म्हणजे 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाला आणि 30 लेखीला. उरलेले 60 आकारिकचे. ते तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा वेगवेगळ्या साधनांतून येतात. कोणत्या साधनाला किती गुण द्यायचे हे शिक्षक विषय पाहून ठरवतात. माझ्या वर्गात मी गणितासाठी तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि स्वाध्याय यांना प्रत्येकी 10 आणि चाचणीला 20 गुण ठेवते. शिवाय रोजच्या निरीक्षणातून आलेल्या वर्णनात्मक नोंदी वेगळ्या असतात.

आता दोन मुलं पाहा. ती ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि तपशील थोडे बदलले आहेत. एक मुलगी, एक मुलगा. दोघांनाही गणितात 100 पैकी 64, म्हणजे ब-2 श्रेणी. प्रगतिपत्रकावर दोघं शेजारी शेजारी उभी आहेत.

मुलीचे आकारिक गुण असे: तोंडीकाम 9, प्रात्यक्षिक 9, उपक्रम 8, चाचणी 8, स्वाध्याय 6. बेरीज 40. संकलितमध्ये तोंडी 8 आणि लेखी 16. चाचणीत 20 पैकी 8 पाहून कुणीही म्हणेल की हिला भागाकार येत नाही. मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा उघडली. 612 भागिले 6, तिचं उत्तर 12. 824 भागिले 8, उत्तर 13. 420 भागिले 4, उत्तर 15. तिन्ही चूक. पण त्याच पानावर 693 भागिले 3 बरोबर 231 आणि 575 भागिले 5 बरोबर 115, ही दोन्ही उत्तरं अचूक होती. चुकलेल्या उदाहरणांत एकच गोष्ट समान आहे. खरी उत्तरं 102, 103 आणि 105 आहेत, आणि तिन्हींच्या मधोमध शून्य आहे. 612 मध्ये सहा शतकांचे सहा भाग करून ती 1 लिहिते. मग एक दशक खाली घेते. एक दशक सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून पुढचे 2 खाली घेऊन 12 चे भाग करते आणि 2 लिहिते. दशकाच्या घरात शून्य लिहायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी मी तिला खेळातल्या नोटा-नाणी दिली आणि 612 रुपये सहा जणांत वाटायला सांगितले. शंभराच्या सहा नोटा तिने एकेक वाटल्या. दहाची नोट हातात घेऊन म्हणाली, "ही मोडावी लागेल." ती मोडून बारा रुपये केले, प्रत्येकाला दोन दिले आणि सांगितलं, "एकशे दोन." तिला भागाकार म्हणजे काय ते नीट कळलं होतं. अडचण होती ती एका पायरीच्या लेखनात.

मुलाचे आकारिक गुण असे: तोंडीकाम 5, प्रात्यक्षिक 6, उपक्रम 8, चाचणी 14, स्वाध्याय 7. बेरीज तीच, 40. संकलितमध्ये तोंडी 5, लेखी 19. हा 612 भागिले 6 कागदावर बिनचूक करतो, शून्यासकट. पण "एका खोक्यात 8 आंबे मावतात, तर 96 आंब्यांना किती खोकी लागतील?" असं विचारलं की 96 गुणिले 8 करतो आणि 768 लिहितो. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "बाई, 'एका' शब्द आला की गुणाकार करायचा." आंबे 96 आणि खोकी 768 कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याची रीत पक्की आहे, पण ती कधी वापरायची हे उमगलेलं नाही. चाचणीत नुसती उदाहरणं जास्त आणि शाब्दिक उदाहरणं कमी होती, म्हणून 14 गुणांच्या मागे ही अडचण झाकली गेली. तोंडीकामात मात्र ती लगेच वर आली.

या दोघांना 64 गुणांवरून एकच उपाय सांगितला असता, म्हणजे "रोज भागाकाराची दहा उदाहरणं करा" म्हटलं असतं, तर मुलीने तीच चूक घोटवली असती. मुलाने दहाही बरोबर सोडवली असती आणि तो होता तिथेच राहिला असता.

मुलीला मी भागाकाराच्या वर शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखायला लावली. घर रिकामं राहिलं की थांबायचं. शिवाय उदाहरण सोडवण्याआधी अंदाज सांगायचा: 600 चे सहा भाग केले तर प्रत्येकी 100, म्हणजे 612 चं उत्तर शंभराच्या वरच असणार, 12 असूच शकत नाही. दोन आठवड्यांनी तिला नवी उदाहरणं दिली. 816 भागिले 4 चं उत्तर तिने 204 लिहिलं आणि 535 भागिले 5 चं 107. मुलाला मी काही दिवस आकडेमोड थांबवून फक्त चित्र काढायला सांगितलं. आंबे काढ, खोकी काढ, काय विचारलंय ते बोटाने दाखव. मग उलट केलं: 24 भागिले 6 साठी तूच गोष्ट तयार कर. त्याची पहिली गोष्ट जमली नाही. नंतर त्याने चोवीस चिंचा सहा मुलांत वाटल्याची गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाला चार मिळाल्या हेही सांगितलं. आकारिक मूल्यमापन मोजतं ते हे. मूल नेमकं कुठे अडलंय, आणि मदत मिळाल्यावर तिथून पुढे सरकलं का.

यामुळे प्रगतिपत्रकात एक विसंगती दिसेल, ती समजून घ्या. मुलीला आता शून्याचा भागाकार येतो, तरी चाचणीचे 8 गुण नोंदवहीत तसेच आहेत. गुण त्या दिवसाचे असतात आणि बेरजेत जुने-नवे मिसळतात. वर्णनात्मक नोंद नंतरची असते. तिच्या नोंदीत मी लिहिलं आहे: "समान वाटणी समजून तोंडी अचूक सांगते. भागाकारात शून्य लिहायचं राहत असे, आता स्थान आखून लिहिते." श्रेणी आणि नोंद यांचं जुळत नसेल, तर आधी नोंदीवर विश्वास ठेवा.

अर्थात नोंद खरी असेल तरच. आमच्याही बाजूने इथे चुका होतात. वर्ग मोठा असला की नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत लिहिल्या जातात. तयार वाक्यांच्या पुस्तकांतून उतरवल्याही जातात. खोटी नोंद ओळखायची सोपी खूण आहे: तीच ओळ वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाच्या प्रगतिपत्रकावर चालली असती का? "गणितात रस घेतो", "अधिक सराव आवश्यक" ही वाक्यं कुणालाही चालतात. "शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची ते ठरवताना गोंधळतो" हे वाक्य एखाद्याच मुलाचं असतं. अशी नोंद नसेल तर शिक्षकांना जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

घरूनही एक गोष्ट बिघडते. उपक्रम आणि प्रकल्प दुकानातून येतात किंवा ताईने रात्री जागून केलेले असतात. तुम्हाला वाटतं मुलाला मदत झाली. पण माझ्यापर्यंत मुलाचं काम पोचतच नाही आणि जी चूक मला सापडायला हवी होती ती लपून राहते. वेडंवाकडं, खाडाखोडीचं, पण त्याचं स्वतःचं काम पाठवा. त्यातली खाडाखोड मला छापील तक्त्यापेक्षा जास्त सांगते.

या मोजणीच्या मर्यादाही आहेत. साधनं आणि गुणांची वाटणी शाळेशाळेत, शिक्षकागणिक बदलते, म्हणून आपल्या शाळेतल्या 64 ची तुलना मावसभावाच्या शाळेतल्या 80 शी करता येत नाही. मुलाची बुद्धी किती आहे, ते पुढे काय होणार, हे यातून कळत नाही. तसं सांगणारी नोंद कुणी लिहिली तर ती चुकीची आहे.

आणखी एक गैरसमज दूर करते. "आता कुणी नापास होत नाही, मग शिकतात कशाला" असं गावात बोललं जातं. ज्याची श्रेणी ड च्या खाली, म्हणजे 33 टक्क्यांच्या खाली जाते, त्याला जादा मार्गदर्शन करून वर आणायची जबाबदारी शाळेची आहे. आणि 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या शेवटी वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, तीही उत्तीर्ण झाली नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येतं. आपली मुलं पुढच्या वर्षी पाचवीत जातील. म्हणून त्यांचं अडणं चौथीतच सापडलेलं बरं.

पालकसभेला येताना प्रगतिपत्रकासोबत मुलाची गणिताची वही आणा. माझ्याकडे त्याच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका असतील. एक चुकलेलं उदाहरण आपण दोघं मिळून पाहू आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधू: तो कुठे अडला, त्यावर वर्गात काय केलं, आणि त्यानंतर तसंच नवं उदाहरण त्याला जमलं का. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसेल, तर ते काम माझ्याकडून व्हायचं राहिलं आहे असं समजा आणि मला सांगा.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी