बांध, पैज आणि करार

धरमतरच्या खाडीकाठी, पेणच्या खारेपाटात, भाताचे भवितव्य एका मातीच्या बांधावर असते. श्रावण-भाद्रपदातल्या मोठ्या उधाणाला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ते पीक तर जातेच, पुढची एक-दोन वर्षेही जमीन नीट पिकत नाही. बांध टिकेल की फुटेल, हा तिथे चहाच्या टपरीवरचा नेहमीचा विषय. या एकाच प्रश्नावर दोन व्यवहार झाले आहेत, अशी कल्पना करू.

पहिल्यात टपरीवरचे दोघे पैज लावतात. दोघांचीही त्या बाजूला गुंठाभर जमीन नाही. कोजागिरीपर्यंत बांध फुटला तर एकाने दुसऱ्याला सहा हजार द्यायचे, टिकला तर दुसऱ्याने पहिल्याला.

दुसऱ्यात एक शेतकरी पेणच्या व्यापाऱ्याला लिहून देतो : कोजागिरीपर्यंत बांध टिकला, तर वीस क्विंटल भात दोन हजार पाचशे रुपये भावाने देईन. बांध टिकतो, दरम्यान भाव दोन हजार आठशे होतो आणि शेतकरी नाही म्हणतो. व्यापाऱ्याचे क्विंटलमागे तीनशे, म्हणजे एकूण सहा हजारांचे नुकसान होते.

रक्कम तीच, घटनाही तीच. तरी व्यापाऱ्याला सहा हजारांची भरपाई न्यायालयात मागता येते. टपरीवरच्या विजेत्याचा दावा उभाच राहत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार शून्य आहे आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. लगेच पुढचे कलम ३१ सांभाव्य कराराची व्याख्या देते, आणि असा करार घटना घडली की बजावता येतो. बांध फुटला असता, तर शेतकऱ्याचा करार आपोआप संपला असता. कोणी कोणाचे काही लागत नव्हते.

फरक कुठे आहे? अनिश्चितता दोन्हीकडे आहे, म्हणून तिच्यावरून काही ठरत नाही. भाताच्या करारात खरी देवघेव भाताची आहे. बांध ही तिच्या बाजूला उभी असलेली अट आहे. पैजेत मात्र घटना वजा केली तर मागे काहीच उरत नाही. तिथे एकाचा फायदा म्हणजे नेमका दुसऱ्याचा तोटा, आणि पणाला लावलेल्या रकमेपलीकडे त्या घटनेत दोघांचाही कसलाच हितसंबंध नसतो. शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाचा विमा उतरवला तर ती पैज होत नाही, ती याच कारणाने. बांध फुटल्यास तो बुडणारच असतो. तिऱ्हाइताने त्याच पिकावर पैसे लावले, तर कागदावर ‘विमा’ असे लिहून भागत नाही.

या कसोटीचा एक सुरेख खटला पुण्यातल्या कुस्तीचा आहे. बाबासाहेब रहिमसाहेब विरुद्ध राजाराम रघुनाथ, मुंबई उच्च न्यायालय, १९३१. दोन पैलवानांनी ठरवले की ठरल्या दिवशी जो आखाड्यात येणार नाही त्याने दुसऱ्याला ५०० रुपये द्यायचे. जिंकणाऱ्याला तिकिटांच्या उत्पन्नातून ११२५ रुपये मिळायचे. एक जण आलाच नाही. दुसऱ्याने ५०० रुपयांचा दावा लावला, तेव्हा ‘ही तर पैज’ असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. बक्षीस प्रेक्षकांच्या पैशातून येणार होते. कुस्तीच्या निकालामुळे हरणाऱ्याच्या खिशातून दमडीही जाणार नव्हती. आणि ५०० रुपये होते शब्द मोडल्याचे. मला वाटते, पैसा कोणाच्या खिशातून जातो हे पाहण्याची ही सवय वकिलांइतकीच इतरांनाही उपयोगी आहे.

कागदाचे रूप मात्र फसवे असते. आपल्या भाताच्या करारात माल द्यायचा-घ्यायचा नाही, फक्त भावातला फरक चुकवायचा, असे दोघांच्याही मनात पहिल्यापासून असेल, तर मुद्रांकावर लिहूनही ती पैजच. असा हेतू एकाच्याच मनात असणे पुरत नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना हे जुने आहे. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय सरासरी भाव येईल, यावर इथे पैजा लागत. इंग्लंडने १८४५मध्ये पैजा शून्य ठरवल्या, पण तो कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. म्हणून रामलाल ठाकुरसीदास यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलला १८४८मध्ये अशी पैज वसूल करण्याजोगी ठरवावी लागली, तीही नाखुशीने. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पैजा शून्य ठरवणारा कायदा झाला.

तरी एक फट राहिली. पैज शून्य असली तरी करार कायद्याच्या दृष्टीने ती बेकायदा नव्हे. त्यामुळे तिच्या आधाराने झालेले इतर व्यवहार, म्हणजे दलाली किंवा उसनवार, टिकू शकत. मुंबई इलाख्याने १८६५मध्ये वेगळा कायदा करून तीही बुजवली. त्यामुळे टपरीवरच्या हरलेल्या गड्याला पैज फेडण्यासाठी म्हणून कोणी जाणूनबुजून सहा हजार उसने दिले, तर इतर अनेक राज्यांत ते वसूल होऊ शकतील. पेणच्या न्यायालयात मात्र उसने देणाऱ्यालाही हात हलवत परतावे लागेल.