लोंबणारा दोरा ओढू नकोस

चि. मुक्ता,


पँटच्या पायाची दुमड तू स्टेपलरने बसवलीस हे ऐकून हसू आवरेना. पण त्या पिना आजच काढ. कपडा धुतलास की त्या गंजतील आणि तांबूस डाग पडेल, तो सहजासहजी निघत नाही. लाडवांच्या डब्यासोबत सुया, काळं-पांढरं रीळ आणि टाचण्या पाठवल्या आहेत.

आधी हे उसवतं का, ते सांगते. तयार कपड्यांत बटण आणि पायाची दुमड बऱ्याचदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने शिवलेली असते. शिवणयंत्रावर आपण घालतो त्या टाक्यात खालचा दुसरा दोरा वरच्याला अडकवून ठेवतो, तसं इथे काही नसतं. एक टोक सुटलं की कडीतून कडी निघत जाते. तू शर्टाचा लोंबणारा दोरा ओढलास आणि बटण हातात आलं, ते यामुळेच. यापुढे असा दोरा दिसला तर ओढायचा नाही. त्याच्यावरच सुईने दोन-तीन टाके घालून त्याला तिथे जखडून टाकायचं.

आता बटण. हरवलं असेल तर शर्टाच्या आतल्या शिवणीजवळ धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, तिथे बहुधा एक जादा बटण लावलेलं असतं. बाकीची बटणं लावून शर्ट सपाट पसर आणि रिकाम्या काजाच्या मधोमध टाचणी टोच. ती खालच्या पट्टीवर जिथे टेकेल तिथे बटण यायला हवं. अंदाजाने लावलंस तर पुढची पट्टी फुगते. दोरा दुहेरी घे, पण दुहेरी केल्यावर बोटांपासून कोपरापर्यंत येईल एवढाच. लांब घेतला की पीळ पडून गुंता होतो. गुंता व्हायला लागलाच तर सुई मोकळी लोंबती सोड, पीळ आपोआप उलगडतो.

गाठ वरच्या बाजूला, बटणाखाली झाकली जाईल अशी ठेव. मग बटणावर, भोकांच्या मधे, काडेपेटीची काडी आडवी ठेव आणि तिच्यावरून टाके घाल. भोकांच्या प्रत्येक जोडीत चार वेळा पुरे. काडी काढून बटण वर उचललंस की टाके सैल झालेले दिसतील. ही सैल जागाच महत्त्वाची. बटण लावल्यावर काजाची पट्टी तिथे बसायची असते. जागाच ठेवली नाही तर कापड चुणतं आणि दर वेळी दोऱ्यावर ताण येतो. सुई बटण आणि कापड यांच्या मधे बाहेर काढ, त्या टाक्यांभोवती दोरा तीन-चार वेळा घट्ट गुंडाळ आणि मागे नेऊन गाठ मार. जाड जॅकेटला दोन काड्या लागतील. कापडच फाटलं असेल तर आतून चिंधीचा छोटा तुकडा लावून त्याच्यासकट शिव, नाहीतर बटण पुन्हा कापड घेऊनच निघेल.

दुमडीला दोरा एकेरी घे. रंग नेमका मिळाला नाही तर फिकट घेण्यापेक्षा किंचित गडद घे, तो कापडात लपतो. पँट उलटी करून जुन्या घडीवरच इस्त्री फिरव आणि टाचण्या लाव. जेवढं उसवलंय त्याच्या इंचभर अलीकडून सुरुवात करायची आणि इंचभर पुढे जाऊन थांबायचं. गाठ घडीच्या आत ठेव. उजवीकडून डावीकडे जाताना घडीच्या काठातून सुई काढ, लगेच समोरच्या कापडाचा एखाद-दुसरा धागाच उचल आणि अर्धा सेंटिमीटर पुढे पुन्हा काठात शिर. सगळं कसब त्या एका धाग्यात आहे. जास्त कापड उचललंस किंवा दोरा आवळलास तर बाहेरून खळग्यांची रांग दिसते. दर चार-पाच टाक्यांनी पँट पालथी करून बघत जा. वीतभर झालं की एकाच जागी दोन टाके घालून दोरा पक्का कर. पुढेमागे तुटला तर तेवढाच भाग सुटेल. टाके मात्र लांब घालू नकोस, घाईत पँट चढवताना पायाचा अंगठा त्यात अडकतो आणि सगळं फाडून बाहेर येतो. मुलाखतीच्या सकाळी तर हमखास.

लेगिंग आणि टी-शर्ट यांच्या वाटेला जाऊ नकोस. ते कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग तो तटकन तुटतो. ते शिंप्याकडे दे. जीन्सही त्याच्याकडेच, त्या जाड शिवणीत बारीक सुई मोडेल.

काम झालं की सुईत वीतभर दोरा राहू दे आणि ती रिळात खोचून ठेव. मोकळी सुई गादीवर सापडत नाही, टोचल्यावरच सापडते. आणि मला फोटो पाठवशील तो आतल्या बाजूचा पाठव, बाहेरून सगळंच बरं दिसतं.

तुझी,
आई