एक टक्का कॉस्टिक, तीन आकडे पीएच

नायगावच्या दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला मिठागरं, आणि जरा वर सरकलं की वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांच्या रांगा. धातूकाम करणाऱ्या गाळ्यात पत्र्यावरचं ग्रीस काढायला गरम कॉस्टिक लागतं आणि गंज काढायला आम्ल. दोन्ही टाक्यांनंतर माल पाण्यात खंगाळला जातो. त्यामुळे ईटीपीकडे येणारं पाणी सकाळी आंबट असतं, तर दुपारी साबणासारखं बुळबुळीत. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे बाहेर सोडताना त्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये असावा लागतो. म्हणून टाकीवर दोन डोसिंग पंप बसवतात, एक आम्लाचा आणि एक कॉस्टिकचा. दोघांना हुकूम देणारा कंट्रोलर मात्र एकच. या मांडणीला स्प्लिट-रेंज म्हणतात. तिच्याबद्दलचे गैरसमज असे की त्यांच्यापायी रसायनं वाया जातात, आणि पाणी सुधारण्याऐवजी खारट होत जातं.

गैरसमज : साडेपाच ते नऊ म्हणजे साडेतीन आकड्यांची ऐसपैस जागा. एवढ्यात पाणी बसवायला काय कठीण?

कागदावर ती जागा ऐसपैस आहे, पण पंपाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएचची मोजपट्टी मांडली ती लॉगरिदमची. तिच्यावर एक घर सरकणं म्हणजे आम्लता दहापटीने बदलणं.

हिशोबासाठी एक गाळा धरू. ताशी ५,००० लिटर पाणी, पीएच २, आणि आम्ल निव्वळ तीव्र, म्हणजे सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक. ते उदासीन करायला १० टक्क्यांचं कॉस्टिक ताशी साधारण १८ लिटर लागतं. यातले पहिले १६.२ लिटर पीएचला फक्त २ वरून ३ वर आणतात. पुढचे १.६ लिटर ४ वर नेतात, त्यानंतरचे १६० मिलिलिटर ५ वर. ५ पासून ७ पर्यंत जायला उरतात अवघे १८ मिलिलिटर, आणि ७ पासून ९ पर्यंत तेवढेच आणखी. कायद्याची ५.५ ते ९ ही सगळी पट्टी पंपाच्या भाषेत मोजली तर ताशी २४ मिलिलिटर भरते. अठरा लिटरांत चहाचे पाच चमचे.

आता पंप फक्त एक टक्का जास्त ओतू दे. १८० मिलिलिटर जादा पडले की पीएच थेट १० वर जातो. एक टक्का कमी पडला तर ४. बाजारातला साधा डोसिंग पंप किंवा जरा अडकणारा व्हॉल्व्ह एक टक्का सहज चुकतो, आणि एरवी त्याला कोणी नावही ठेवणार नाही.

ब्युरेटमधून थेंब थेंब टाकत टायट्रेशनचा आलेख काढला की हेच चित्र दिसतं. आधी लांबलचक सपाटी, मग मध्ये उभा कडा, आणि वर पुन्हा सपाटी. पीएच २ वर असताना एक टक्का कॉस्टिक पीएचला ०.००४ ने हलवतं. कड्यावर तेच एक टक्का तीन आकडे उडवतं. एकाच टाकीत, एकाच पंपाला, जवळजवळ सातशेपट वेगळा प्रतिसाद मिळतो. कंट्रोलरला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त प्रोबने सांगितलेला आकडा दिसतो.

गैरसमज : दोन पंप आहेत ना, मग एकाने जास्त ओतलं तर दुसरा सावरून घेईल.

हा सगळ्यांत महागडा गैरसमज आहे, आणि वरवर तो बरोबर वाटतो. स्प्लिट-रेंजमध्ये कंट्रोलरचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल मध्ये कापलेला असतो. १२ वर दोन्ही पंप बंद. १२ पासून २० कडे जाताना कॉस्टिकचा पंप वाढत जातो, आणि १२ पासून ४ कडे येताना आम्लाचा. म्हणजे एका वेळी एकच चालावा, अशी रचना.

आता वरचंच उदाहरण घ्या. कॉस्टिक एक टक्का जास्त पडलं, पीएच १० झाला. कंट्रोलर घाबरून सिग्नल खाली खेचतो, १२ ओलांडतो आणि आम्ल सुरू करतो. आम्लाचा पंपही तितकाच ढोबळ, त्यामुळे पीएच ४ वर येतो. मग पुन्हा कॉस्टिक. शिवाय पंपापासून टाकीपर्यंतची नळी, पाणी ढवळलं जायला लागणारा वेळ आणि प्रोबवर साचलेला हायड्रॉक्साइडचा थर, या सगळ्यांमुळे बातमी उशिरा पोचते. तोवर पंप ओततच राहतो. स्क्रीनवर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसू लागते, ४ ते १० आणि १० ते ४. दोन्ही रसायनं एकमेकांना मारून सोडियम सल्फेट बनतात आणि पाण्यातला क्षार वाढतो. गंमत अशी, की पुढच्या मोठ्या टाकीत हे सगळं मिसळून पीएच कधी कधी ठीकठाक येतो. नमुन्याच्या बाटलीला झुंज कळत नाही.

ओळखायचं कसं? येणारं पाणी दिवसभर आंबटच असेल, तर आम्लाच्या ड्रमची पातळी हलायलाच नको. ती रोज खाली जात असेल तर पंप बहुधा एकमेकांशी झुंजत आहेत. खात्री हवी असेल तर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून थोडा वेळ पंप एकाच गतीवर ठेवा. डोलणं थांबलं तर दोष येणाऱ्या पाण्याचा नाही, कंट्रोलच्या फेऱ्याचाच आहे.

यावर एक उपाय म्हणजे मध्यभागी रिकामी जागा ठेवणं. सिग्नल १२ च्या दोन्ही बाजूंना थोडा हलला तरी कोणताच पंप चालू नये. त्याने झुंज थांबते, पण फुकटात नाही. पाणी खरोखरच आंबटाचं अल्क झालं, तर कंट्रोलरला ही जागा हळूहळू ओलांडावी लागते, आणि तेवढा वेळ पाणी वाऱ्यावर असतं. काही जण उलट करतात. दोन्ही पंपांच्या पट्ट्या एकमेकांवर चढवतात, म्हणजे मध्ये दोघे थोडे थोडे चालूच राहतील. तापमानाच्या कामात ते कधी चालून जातं. पीएचमध्ये ते रसायन जाळण्याचं यंत्र ठरतं.

गैरसमज : सिग्नल मधोमध, ५० टक्क्यांवरच कापायचा.

दोन्ही बाजूंची ताकद सारखी असेल तरच. एकीकडे १० टक्क्यांचं कॉस्टिक आणि दुसरीकडे ड्रममधून सरळ ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल, दोन्ही पंप एकाच मापाचे, ही जोडी कागदावर नीटनेटकी दिसते. पण लिटरला लिटर तोललं तर ते आम्ल त्या कॉस्टिकच्या तेरापट जोरदार आहे. सिग्नल १२ च्या वर एक पाऊल आणि खाली एक पाऊल, यांत तेरापट फरक. कॉस्टिकच्या बाजूला शांत चालणारा कंट्रोलर आम्लाच्या बाजूला पाय टाकताच बेफाम होतो, आणि सगळे कंट्रोलरला शिव्या घालतात.

बरोबरी साधण्यासाठी सिग्नलच कापायचा म्हटलं तर ९३ टक्के पट्टी आम्लाला आणि ७ टक्के कॉस्टिकला द्यावी लागेल. त्याला अर्थ नाही. आम्ल पातळ करणं सोपं. (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.) १० टक्क्यांचं सल्फ्युरिक त्या कॉस्टिकच्या जवळ येतं, आणि पट्टी ४४ ला ५६ अशी कापली की दोन्ही बाजूंचं पाऊल सारखं पडतं. त्यापुढे कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावावा.

गैरसमज : एकदा सेटिंग जमलं की जमलं.

वरचा हिशोब निव्वळ तीव्र आम्लाचा होता, म्हणजे सगळ्यांत उभ्या कड्याचा. खरं पाणी इतकं कोरं नसतं. समजा खंगाळायला बोअरचं कठीण पाणी वापरलं, आणि त्यातल्या बायकार्बोनेटमुळे लिटरमागे ४ मिलिमोल कार्बोनिक आम्ल पाण्यात आलं. ते कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेलं नाही असं धरलं, तर पीएच ६ वरून ७ वर न्यायला आता ताशी ३.७ लिटर कॉस्टिक लागेल. कोऱ्या पाण्यात याच कामाला २ मिलिलिटरही लागत नव्हते. उभ्या कड्याचा सौम्य उतार झाला.

अशा पाण्यावर बेतलेलं सेटिंग आज छान चालतं. उद्या मऊ पाण्याचा टँकर आला की तेच सेटिंग करवत काढू लागतं. गंजातून आलेलं लोखंड, फॉस्फेटचा साबण, हवा मारून उडवलेला वायू, प्रत्येक गोष्ट आलेख वाकवते. म्हणून पाण्याचा स्रोत किंवा माल बदलला की आधी एक लिटर नमुन्याचं टायट्रेशन करावं आणि मगच सेटिंगला हात लावावा. सेटिंग नेहमी सगळ्यांत उभ्या कड्याला धरून ठेवावं, मग सपाटीवर ते संथ वाटलं तरी चालेल. ग्रेग शिन्स्की यांनी १९७३ मध्ये पीएच नियंत्रणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. एका विषयाला एवढी जागा का लागावी, ते या आलेखावरूनच कळतं.

गैरसमज : त्यापेक्षा पाणी मिसळून पातळ करा.

पीएच २ चं पाणी निव्वळ पाण्याने ५.५ वर आणायचं तर ते तीन हजारपटींहून जास्त वाढवावं लागेल. बेकायदेशीर तर ते आहेच. भरतीचं खाडीचं पाणी आम्ल थोडं मारतं खरं, पण समुद्राच्या एका लिटरात जेमतेम २.३ मिलिमोल आम्ल झेलण्याची ताकद असते. आपल्या एका लिटराला चार लिटरांहून जास्त समुद्र खर्ची पडतो, आणि त्या पाण्यातला बायकार्बोनेट संपतो. शिंपल्यांना कवच बांधायला तोच लागतो.

गैरसमज : मोठा, भारी पंप आणि सेटपॉइंट ७.

अचूकता एका पंपातून येत नाही, ती कामाच्या वाटणीतून येते. आधी काही तासांची इक्वलायझेशन टाकी हवी. तिथे सकाळचं आंबट आणि दुपारचं अल्क एकमेकांना फुकटात मारतात. मग दोन टाक्या. पहिलीत मोठा पंप पाणी फक्त ३.५ पर्यंत आणतो. तिथे आलेख सपाट असल्याने त्याची एक टक्क्याची चूक पीएचमध्ये ३.४ ते ३.७ एवढीच दिसते. उरलेलं काम ताशी ५७० मिलिलिटरचं, ते दुसऱ्या टाकीतल्या छोट्या पंपाचं. त्याची एक टक्का चूक म्हणजे ६ मिलिलिटर, आणि आपली पट्टी २४ ची. आता गणित बसतं. आम्लाचा पंप फक्त या दुसऱ्या टाकीवर ठेवला आणि बहुतेक दिवस तो बंदच राहिला, तर मांडणी बरोबर जमली असं समजावं.

आणि सेटपॉइंट? ७ हा आकडा आपल्याला शाळेपासून प्रिय. पण ७ पासून खाली ५.५ पर्यंत जेमतेम ६ मिलिलिटरची जागा आहे, वर ९ पर्यंत १८ ची. मिलिलिटरांत मोजलं तर या पट्टीचा मध्य ८.५ च्या आसपास येतो. सेटपॉइंट ८ वर ठेवला तरी खालची मोकळीक साडेसात मिलिलिटरवर जाते आणि वर सोळा उरतात.