एका वाक्याचे दोन गुण

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमा परीक्षेत बहुतेक विषयांची लेखी प्रश्नपत्रिका ७० गुणांची असते. तिचा पहिला प्रश्न १० गुणांचा असतो: सातपैकी पाच उपप्रश्न सोडवायचे, प्रत्येकाला दोन गुण. व्याख्या मुख्यतः इथेच विचारल्या जातात. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स या विषयाच्या गेल्या पाच-सहा उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांचे पहिले प्रश्न शेजारी शेजारी ठेवले की स्ट्रेस, स्ट्रेन, पॉयसन्स रेशो, सेक्शन मॉड्युलस, पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर अशी ओळखीची नावे पुन्हा पुन्हा भेटतात.

मंडळ परीक्षेनंतर मॉडेल आन्सर प्रसिद्ध करते. त्याच्या सुरुवातीलाच परीक्षकांना सूचना असते, की उत्तर शब्दाला शब्द जुळते का हे न पाहता त्यातले महत्त्वाचे शब्द पाहून तपासावे. म्हणजे पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे घोकण्याची गरज नाही, पण नेमका शब्द गाळून चालत नाही. तो शब्द ओळखायचा कसा?

व्याख्येचे एक वाक्य तीन गोष्टी सांगते: ही राशी कोणत्या प्रकारची आहे, तिच्यासारख्या इतर राशींहून ती वेगळी कशामुळे, आणि ती कोणत्या अटीत लागू होते. ‘पॉयसन्स रेशो म्हणजे लवचीकतेच्या मर्यादेत लॅटरल स्ट्रेनचे लिनिअर स्ट्रेनशी असलेले गुणोत्तर’ या वाक्यात तिन्ही गोष्टी आहेत. मुले बहुधा ‘लवचीकतेच्या मर्यादेत’ ही अट गाळतात, नाहीतर गुणोत्तर उलटे लिहितात. उलटे झाले का, हे पोलादावरून कळते. त्याचा पॉयसन्स रेशो साधारण ०.३ असतो, कारण ताणलेली सळई जितक्या प्रमाणात लांबते त्याहून कमी प्रमाणात बारीक होते. उलट्या गुणोत्तराने उत्तर तीनच्या वर जाते.

वेगळेपण सांगणारा शब्द सुटला आहे का, हे पाहायची सोपी चाचणी आहे: लिहिलेले वाक्य दुसऱ्याच एखाद्या संज्ञेला किंवा ठिकाणाला लागू पडते का? ‘स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल’ हे वाक्य द्रवाच्या दाबालाही चालते. ‘बाह्य भाराला विरोध करताना पदार्थात एकक क्षेत्रफळावर निर्माण होणारे अंतर्गत प्रतिरोधी बल’ असे म्हटले की ते स्ट्रेसपुरते राहते. ‘यंग्ज मॉड्युलस म्हणजे स्ट्रेस भागिले स्ट्रेन’ हे शिअर मॉड्युलसलाही लागू पडते. म्हणून तिथे ताण किंवा दाबाचा स्ट्रेस आणि त्याच दिशेचा स्ट्रेन असे सांगावेच लागते.

या चाचणीचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर. अनेक वह्यांत ‘जिथे बेंडिंग मोमेंट शून्य असते तो बिंदू’ एवढेच लिहिलेले सापडते. ते एका बीमवर तपासता येते. A आणि B हे आधार ४ मीटर अंतरावर आहेत आणि बीम B च्या पुढे १ मीटर, C पर्यंत गेला आहे. AB च्या मध्यावर ८ किलोन्यूटन आणि C वर ४ किलोन्यूटन भार आहे. A भोवती मोमेंट घेतल्यावर B ची प्रतिक्रिया ९ आणि A ची ३ किलोन्यूटन येते. मध्यावर बेंडिंग मोमेंट +६ किलोन्यूटन-मीटर, तर B वर −४. मध्यापासून B पर्यंत, A पासून x अंतरावर, ती अशी:

```
M = 3x − 8(x − 2) = 16 − 5x
```

म्हणजे A पासून ३.२ मीटरवर ती शून्य होते. पण शून्य तर A वर आणि C वरही आहे! वहीतल्या वाक्याप्रमाणे असे बिंदू तीन होतील. प्रत्यक्षात ३.२ मीटरवरच ती धनाची ऋण होते आणि बीमचा बाक उलटतो. म्हणून वाक्य असे हवे: ‘बीमवरील ज्या बिंदूपाशी बेंडिंग मोमेंट शून्य होऊन तिचे चिन्ह बदलते, त्याला पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर म्हणतात.’ ‘चिन्ह बदलते’ हे दोन शब्द इथे सारा फरक करतात.

यादी करताना संज्ञेपुढे प्रश्नातले क्रियापदही टिपावे लागते, कारण तीच संज्ञा कधी ‘व्याख्या लिहा’, कधी ‘फरक सांगा’, कधी ‘सूत्र व एकक लिहा’ अशी येते. निव्वळ सूत्र ही व्याख्या होत नाही. लिहिलेच तर प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एकक सोबत हवे. हूकचा नियम याच यादीत सापडतो, पण तो नियम आहे: लवचीकतेच्या मर्यादेत स्ट्रेस हा स्ट्रेनच्या प्रमाणात असतो, असे विधानच तिथे अपेक्षित असते. आणि जुन्या प्रश्नपत्रिका फक्त विचारल्या गेलेल्या संज्ञा दाखवतात. अभ्यासक्रमाची योजना बदलली की एखादा घटक गळतो, नवा येतो. त्यामुळे यादी चालू अभ्यासक्रमाशी पडताळूनच ती वाक्ये वहीत उतरवायची.